‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं उत्तर आल्यावर

प्रश्न: आमच्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता गेल्या दिवाळीत झाला आणि या पावसाळ्याआधी मधोमध फोडला. पुण्याच्या भावाकडून माहिती अधिकाराचा नमुना मागवून मी ३ जूनला अर्ज दिला. विचारलं होतं: रस्ता का फोडला? जबाबदार कोण? किती पैसा वाया गेला? ठेकेदाराला किती रक्कम दिली? शिवाय २०१९पासून वॉर्डातल्या सगळ्या रस्त्यांची संपूर्ण माहिती द्या. उत्तरावर तारीख १ जुलैची आहे, पण टपाल हातात पडलं ११ जुलैला. आत तीन ओळी: प्रश्नार्थक माहिती देता येत नाही; ठेकेदाराची माहिती त्रयस्थ पक्षाची व गोपनीय आहे; बाकीची माहिती विस्तृत असल्याने देणं शक्य नाही. आता अपील करू, नवा अर्ज करू, की सरळ मुख्यमंत्र्यांच्या १८१ हेल्पलाइनवर तक्रार करू?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: अपील करा आणि नवा अर्जही द्या. दोन्ही एकाच आठवड्यात करता येतात, कायद्यात त्याला आडकाठी नाही. १८१ मात्र सध्या नको. का, ते शेवटी सांगतो.

सगळ्यात आधी ते टपालाचं पाकीट शोधा. पत्रावर १ जुलै लिहिलं असलं तरी पाकिटावरचा शिक्का किंवा स्पीड पोस्टचा बुकिंग दिनांक वेगळा असू शकतो. अर्ज ३ जूनला मिळाला असेल तर तीस दिवस ३ जुलैला संपतात. पत्र त्यानंतर टपालात पडलं असेल, तर कायद्याच्या भाषेत मुदतीत निर्णयच आला नाही, आणि कलम ७(६)प्रमाणे पुढे जी माहिती मिळेल ती फुकट मिळाली पाहिजे. स्पीड पोस्टचा क्रमांक असेल तर ट्रॅकिंगचं पान आजच छापून ठेवा, काही काळानंतर ते वेबसाइटवर दिसत नाही. साधं टपाल असेल तर शिक्क्याचा स्वच्छ फोटो आणि पाकिटाची झेरॉक्स.

पहिल्या अपिलाला तीस दिवस असतात. उत्तर हातात पडल्यापासून मोजले तर १० ऑगस्टपर्यंत वेळ आहे. पण ‘मुदतीत उत्तर नाही’ हा मुद्दा तुम्ही स्वतःच मांडणार असाल तर समोरचा ३ जुलैपासून मोजेल, आणि मग २ ऑगस्ट ही शेवटची तारीख होते. तेव्हा २ ऑगस्टच्या आत द्या म्हणजे वादच नको.

पुण्याच्या नमुन्याबद्दल. कायदा केंद्राचा असला तरी शुल्काचे आणि अपिलाचे नियम राज्याराज्यांचे वेगळे. महाराष्ट्रात अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावतात, दीडशे शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, अपिलाला २० रुपये. आपल्याकडे मध्य प्रदेशात अर्जाला १० रुपये, पहिल्या अपिलाला ५० आणि भोपाळच्या राज्य सूचना आयोगाकडच्या दुसऱ्या अपिलाला १००. महाराष्ट्राचा स्टॅम्प इथं चालत नाही. हातोहात अर्ज देणार असाल तर रोख भरून पावती घेणं सर्वांत बिनघोर. भाषेचंही तसंच. कलम ६(१) इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच म्हणतं, म्हणून इंदुरात मराठीत लिहिलेला अर्ज घ्यायला अधिकारी बांधील नाही. घरात कितीही मराठी बोलत असलो तरी अर्ज हिंदीतच लिहा.

आता त्यांच्या पहिल्या ओळीकडे येऊ. तुमचं भांडण इथंच अडकलं आहे, आणि इथं अधिकारी अर्धा बरोबर आहे. कलम २(च)मध्ये ‘माहिती’ची व्याख्या आहे: अभिलेख, दस्तऐवज, ई-मेल, अभिप्राय, आदेश, लॉगबुक, करार, अहवाल, नमुने वगैरे. म्हणजे कोणत्या तरी स्वरूपात कार्यालयाकडे जे ठेवलेलं आहे ते. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात स्पष्ट केलं, की जी माहिती अस्तित्वात नाही ती तयार करून देण्याची, किंवा अनुमान काढून मत देण्याची सक्ती या कायद्यात नाही. ‘किती पैसा वाया गेला’ याचा कागद कोणत्याही कार्यालयात नसतो. ‘जबाबदार कोण’ याचाही नसतो, चौकशी झाली असेल तर गोष्ट वेगळी. या दोन प्रश्नांवर अपिलात वेळ घालवू नका.

‘रस्ता का फोडला’ याचं मात्र तसं नाही. त्याचं कारण कोणीतरी कुठंतरी लिहिलेलं असतंच. पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन टाकायची असेल तर रोड कटिंगची परवानगी मागणारं पत्र असतं, त्यावर टिपणी असते, रस्ता पूर्ववत करण्यासाठी जमा केलेल्या रकमेची पावती असते. रस्ता खराब झाला म्हणून फोडला असेल तर पाहणी अहवाल किंवा ठेकेदाराला दिलेली नोटीस असते. आणि यांतलं काहीच नसेल, तर ‘असा अभिलेख उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर मिळणं हाच तुमच्या हातातला सगळ्यात वजनदार कागद ठरतो, कारण परवानगीशिवाय रस्ता फोडला गेला हे त्यातून दिसतं. शिवाय प्रश्नचिन्ह आहे एवढ्यावरून अर्ज फेटाळावा असं कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. ‘ठेकेदाराला किती रक्कम दिली’ हाही प्रश्नच आहे, पण त्याचं उत्तर बिलात तयार आहे. हा फरक अपिलात नेमका लिहा. त्याच अपिलात कलम ४(१)(घ) जोडा: प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना सांगणं हे कार्यालयाचं स्वतःचं कर्तव्य आहे, आणि गल्लीत राहणारे तुम्ही बाधित आहातच.

नव्या अर्जात प्रश्न नकोतच, कागदांची नावं द्या. सुरुवात अशी करता येईल: «निम्नलिखित कार्य की नस्ती में उपलब्ध अभिलेखों की प्रमाणित प्रतियाँ प्रदान करें», त्याखाली गल्लीचं नाव, कुठून कुठपर्यंत, वॉर्ड क्रमांक आणि काम झाल्याचा महिना. कार्यादेश क्रमांक माहीत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मग ‘कोणतं काम ते कळत नाही’ ही पळवाट राहत नाही. कामाच्या जागी फलक लावला असेल तर क्रमांक त्यावर सापडू शकतो. नसेल तर जागेचं वर्णन पुरतं.

कागद कोणते मागायचे? प्राक्कलन, म्हणजे एस्टिमेट. कार्यादेश. अनुबंधातलं दोषदायित्वाचं, म्हणजे डिफेक्ट लायबिलिटीचं कलम असलेलं पान. माप पुस्तिकेची या कामाची पानं. काँक्रीटच्या क्यूब चाचणीचे अहवाल. चालू देयकं आणि अंतिम देयक. काम पूर्ण झाल्याचा दाखला. आणि रोड कटिंगची परवानगी, तिच्या नस्तीवरच्या टिपण्यांसह. एवढं पुरे. एका रस्त्याची ही पानं साधारण चाळीस-पन्नास होतील. समजा ४६ झाली, तर पानाला २ रुपयांप्रमाणे ९२ रुपये. हे पैसे भरायचं पत्र आलं की लगेच भरा. ते पत्र रवाना झाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांत धरत नाहीत, त्यामुळे तुम्ही आठ दिवस लावले तर आठ दिवस त्यांना मिळतात. पत्रात पानांचा हिशेब मांडलेला हवा. नुसतं ‘५०० रुपये जमा करा’ असं आलं तर हिशेब मागा, तो त्यांनी द्यायचाच असतो.

या सगळ्यात माप पुस्तिका, जिला कार्यालयात सगळे एमबी म्हणतात, ती सर्वांत बोलकी. ठेकेदाराचं बिल ज्या मापांवर निघतं ती मापं उपयंत्री तिच्यात लिहितो: लांबी, रुंदी, जाडी. समजा एमबीत १२० मीटर, ३.५ मीटर आणि ०.१५ मीटर असं लिहिलं आहे. गुणाकार ६३ घनमीटर. आता तुमच्या गल्लीत फोडलेल्या कडेला टेप लावा, अजून बुजवली नसेल तर. तिथं काँक्रीटचा थर १० सेंटीमीटरच भरला तर प्रत्यक्ष काम ४२ घनमीटरचं, आणि २१ घनमीटरचे पैसे न झालेल्या कामाचे. एका जागेच्या मापावर मात्र विसंबू नका. खालची जमीन उंचसखल असते, म्हणून दोन्ही कडांना मिळून आठ-दहा ठिकाणी मोजा, टेप दिसेल असे फोटो घ्या आणि खालचा मुरुमाचा किंवा खडीचा थर काँक्रीटमध्ये धरू नका. खड्डा बुजण्याआधी हे उद्याच करा, अर्जाची वाट पाहू नका. क्यूबच्या अहवालात ७ आणि २८ दिवसांची ताकद असते. त्यात ओतकामाची तारीख आणि चाचणीची तारीख यांतलं अंतर खरंच तेवढं आहे का ते पाहा. २८ दिवसांचा अहवाल ओतल्यापासून वीस दिवसांनी निघालेला असेल, तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

दुसरी ओळ ठेकेदाराची. ‘त्रयस्थ पक्ष’ हा शब्द लिहिला की काम संपलं, अशी अनेक कार्यालयांत समजूत आहे. कलम ११ तसं नाही. ते लागू होतं ते त्रयस्थाशी संबंधित किंवा त्याने पुरवलेल्या, आणि शिवाय त्याने गोपनीय मानलेल्या माहितीला. एमबी ठेकेदाराने पुरवलेली नाही, ती कार्यालयाच्या अभियंत्याने लिहिली आहे. कार्यादेश कार्यालयाने काढला. तेव्हा हे दोन कागद ठेकेदाराने गोपनीय म्हणून दिले होते असं म्हणताच येत नाही, आणि कलम ११ त्यांना लावणं अवघड आहे. बिल ठेकेदाराने दिलेलं असू शकतं. तिथंही पाच दिवसांत त्याला नोटीस द्यायची, दहा दिवसांत त्याचं म्हणणं ऐकायचं आणि चाळीस दिवसांत अधिकाऱ्याने स्वतः निर्णय घ्यायचा, असा क्रम आहे. ठेकेदार ‘नको’ म्हणाला म्हणजे नकार झाला असं नव्हे. तुमच्या बाबतीत नोटीस दिली होती का, दिली असेल तर केव्हा, हे अपिलात विचारा. बहुतेक वेळा नोटीस निघालेलीच नसते.

गोपनीयतेसाठी ते ८(१)(घ) पुढे करतील: व्यापारी गुपित, ज्याने त्रयस्थाच्या स्पर्धेतल्या स्थानाला धक्का बसेल. निविदा उघडण्यापूर्वी हे म्हणणं रास्त आहे. काम होऊन पैसे दिल्यानंतर दर आणि रक्कम यांत गुपित काय उरलं, हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५)प्रमाणे नकार देणाऱ्यावर आहे. ‘करार’ हा शब्द तर माहितीच्या व्याख्येतच बसवलेला आहे.

एक बदल मात्र लक्षात घ्या. व्यक्तिगत माहितीचं ८(१)(ञ) पूर्वी लांबलचक होतं. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण आक्रमण करणारी माहिती एवढ्यापुरतंच ते होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने, नोव्हेंबर २०२५मध्ये ती दुरुस्ती लागू झाल्यापासून, ते आखूड झालं आहे: व्यक्तिगत माहितीला सूट, बस. त्यामुळे ठेकेदार एखादी व्यक्ती असेल, कंपनी नसेल, तर हे कलम आता जास्त वेळा वाजवलं जाणार. त्यावर दोन गोष्टी करता येतात. अर्जातच लिहा की बँक खाते, पॅन, आधार, मोबाइल क्रमांक आणि घरचा पत्ता काळा करून प्रत दिली तरी चालेल. कलम १० नेमकं हेच सांगतं, की सूट असलेला भाग वगळून उरलेला द्या. आणि कलम ८(२) अजून जागेवर आहे: गोपनीयतेने जपलं जाणारं हित आणि सार्वजनिक हित यांत सार्वजनिक हित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. फोडलेला रस्ता, सरकारी पैसा आणि दोषदायित्वाची मुदत, एवढं मांडलं की पुरे. लांब निबंध लिहू नका.

तिसऱ्या ओळीचा दोष निम्मा तुमच्याकडे जातो. २०१९पासून वॉर्डातल्या सगळ्या रस्त्यांची ‘संपूर्ण माहिती’ म्हणजे कपाटंच्या कपाटं. त्याच २०११च्या निकालात न्यायालयाने म्हटलं आहे, की सरकारी कर्मचाऱ्यांपैकी ७५ टक्के लोक ७५ टक्के वेळ माहिती गोळा करण्यातच घालवतात अशी अवस्था देशाला नको. हे वाक्य अधिकाऱ्यांना तोंडपाठ असतं. तरीही ‘देणं शक्य नाही’ हे त्यांचं उत्तर चूक आहे. कलम ७(९) फक्त माहितीचं स्वरूप बदलण्याची मुभा देतं: झेरॉक्स द्यायला कार्यालयाची साधनं बेसुमार खर्ची पडत असतील, तर अवलोकनाला बोलवा, सीडीवर द्या. नकाराचं ते कारणच नाही, नकाराची कारणं कलम ८ आणि ९मध्ये आहेत. म्हणून अपिलात हा भाग स्वतःच आवरा: ‘सर्व रस्त्यांऐवजी वॉर्डातल्या कामांची यादी आणि रक्कम असलेल्या नोंदवहीचं अवलोकन द्यावं, हवी ती पानं मी निवडीन.’ ही मागणी नाकारणं जड जातं.

अवलोकनाला जाताना सोबत एक जण न्या. नस्तीची पानं क्रमांकित असतात. मधला क्रमांक गायब असेल तर तो लिहून घ्या. मोबाइलने फोटो काढू देतील असं धरून चालू नका, कायद्यात टिपणं, उतारे आणि प्रमाणित प्रती यांचा उल्लेख आहे, फोटोवर वाद होतात. हवे ते पान क्रमांक कागदावर लिहून तिथल्या तिथे प्रतीची मागणी द्या आणि पोच घ्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ झालं, तर आलो होतो याची आवक विभागातून पोच घ्या. नंतर ‘अर्जदार अवलोकनाला आलाच नाही’ असा शेरा हमखास येतो.

अपिलाचा मजकूर एका पानात बसवा. अर्जाची तारीख, उत्तराची तारीख, पाकिटावरची तारीख. मग आधार: नकारात एकही कलम नमूद नाही, आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचं हेही सांगितलेलं नसेल तर कलम ७(८)चा भंग; त्रयस्थाला नोटीस दिल्याचा पुरावा नाही; विस्तृत असणं हे नकाराचं कारण नाही. शेवटी मागणी: अमुक कागद सात दिवसांत, ७(६)प्रमाणे विनाशुल्क. दंडाची मागणी इथं करू नका. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, हा दंड फक्त आयोग लावू शकतो, प्रथम अपीलीय अधिकाऱ्याला तो अधिकारच नाही, आणि दंडाच्या गोष्टीने सुनावणी कागदांवरून भलतीकडे जाते. निर्णय तीस दिवसांत, कारणं नोंदवली तर पंचेचाळीस. सुनावणीत तोंडी ‘देऊन टाकू’ म्हणाले तरी लेखी आदेश मागा.

तिथंही काही झालं नाही तर नव्वद दिवसांत आयोगाकडे कलम १९(३)चं दुसरं अपील. इथं बरेच जण कलम १८ची तक्रार करतात आणि फसतात. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्येच सांगितलं, की कलम १८खाली आयोग दंड लावू शकतो, पण माहिती द्या असा आदेश देऊ शकत नाही. तुम्हाला कागद हवे आहेत, तेव्हा अपीलच. आयोगाची तारीख यायला बराच काळ लागू शकतो. नवा अर्ज समांतर द्यायला सांगितलं ते यासाठीच. नेमके कागद मागणारा अर्ज तीस दिवसांत सुटला तर भोपाळची वारीच टळते.

आता १८१. तिथं तक्रार नोंदवली की ती ज्या कार्यालयाबद्दल आहे तिथंच उत्तरासाठी येण्याची शक्यता असते, आणि ‘चौकशी सुरू’ असा शेरा पडतो. मग तुमच्या अर्जावर ८(१)(ज) येतं: तपासात अडथळा येईल म्हणून माहिती नाही. हे उत्तरही टिकाऊ नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंह प्रकरणात २००७मध्ये म्हटलं आहे, की तपास चालू आहे एवढंच पुरत नाही, माहिती दिल्याने तो कसा अडखळेल हे अधिकाऱ्याने दाखवलं पाहिजे. पण ते दाखवायला लावेपर्यंत आणखी एक अपील आणि आणखी काही महिने गेलेले असतात. म्हणून एमबीची प्रमाणित प्रत आणि तुमची मापं आधी हातात येऊ द्या. तक्रार त्यानंतर करा, त्या प्रतीचा पान क्रमांक आणि घनमीटरचा फरक तक्रारीच्या पहिल्याच ओळीत घालून.